विषय: अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज – स्नेहल जाधव

आदरणीय कुलकर्णी साहेब आणि मॅडम,

सविनय नमस्कार.

आपल्या पॅकेजिंगच्या व्यवसायात हिशेबाच्या कामासाठी माणूस हवा आहे, असे आपल्या सीएंच्या ऑफिसातून समजले. आतापर्यंत मॅडम स्वतःच हिशेब पाहत होत्या आणि आता काम वाढल्यामुळे रोजच्या नोंदींसाठी मदत हवी आहे, एवढेच तिथे कळले. त्या जागेसाठी मी हा अर्ज करत आहे. बायोडाटा सोबत जोडला आहे.

मी 2021 साली बी.कॉम. झाले आणि तेव्हापासून हार्डवेअरच्या एका होलसेल पेढीत हिशेबाचे काम पाहते. तिथेही घरचाच कारभार आहे. वडील खरेदी बघतात, मुलगा विक्री आणि ऑफिसात मी एकटी. त्यामुळे बिले करणे, टॅलीत खरेदी-विक्रीच्या नोंदी, ई-वे बिल, पेटी कॅश, हजेरीवरून पगारपत्रक असे समोर येईल ते सगळे करायची सवय झाली. वयोमानामुळे मालक मार्चअखेर पेढी बंद करत आहेत आणि दुसरे काम आताच बघून ठेव, असे त्यांनीच मला सांगितले. त्यांना विचारूनच त्यांचा फोन नंबर बायोडाटात दिला आहे. माझ्याबद्दल आपण त्यांच्याकडे जरूर चौकशी करावी.

माझा सर्वात जास्त वेळ जातो तो येणे-देणे जुळवण्यात. हल्ली बरेच पैसे यूपीआयने येतात, पण बँकेच्या स्टेटमेंटमध्ये नाव दिसते ते गिऱ्हाइकाच्या मुलाचे किंवा दुकानातल्या कामगाराचे. अशी रक्कम सस्पेन्सला टाकून ठेवली की महिनाअखेरीस तिचा माग लागणे कठीण होते. दरम्यान पैसे देऊन बसलेल्या माणसाला आपण वसुलीचा फोन करतो आणि त्याला ते लागते. म्हणून मी रोज सकाळी आदल्या दिवसाचे स्टेटमेंट उघडून ज्या रकमांची ओळख पटत नाही, त्यांच्या पार्ट्यांना यूटीआर नंबर देऊन विचारून घेते आणि त्याच दिवशी योग्य खात्यात जमा करते. जमा नेमकी कोणत्या बिलापोटी आहे, तेही लगेच लावते. त्यामुळे कोणाकडे किती दिवसांची उधारी थकली आहे, ते मालकांना कधीही पाहता येते.

जीएसटीच्या बाबतीत, महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीआर-2बी तयार झाले की ते आपल्या खरेदीशी ताडून पाहते. जे बिल त्यात दिसत नाही, त्याच्या पुरवठादाराला लगेच फोन करते, कारण तिथे बिल आले नाही तर त्या महिन्यात त्याचे क्रेडिट घेता येत नाही. विक्रीची आकडेवारी 11 तारखेच्या आधी सीएंकडे पोहोचवते. रिटर्न मात्र मी स्वतः भरलेले नाहीत, ते सीएच भरतात. टीडीएसचे चलन भरता येते, त्याचे रिटर्न येत नाही. शिकायची तयारी आहे. आपल्याकडे टॅलीऐवजी दुसरे सॉफ्टवेअर असेल, तरी थोड्या दिवसांत हात बसेल.

आणखी एक सांगावेसे वाटते. घरच्या व्यवसायात घरखर्च आणि धंद्याचा खर्च कधीकधी एकाच खात्यातून होतो. मुलांची फी, घरचे वीजबिल वगैरे. त्यात गैर काही नाही, पण ते धंद्याच्या खर्चात न मिसळता मालकांच्या उचल खात्यात गेले पाहिजे. नाहीतर नफ्याचा आकडा चुकतो. अशा नोंदी करताना घरातल्या बऱ्याच गोष्टी हिशेबनिसाच्या नजरेस पडतात. त्या बाहेर जाणार नाहीत, ही खात्री मी देते. एखाद्या खर्चाविषयी शंका आली, तर इतरांसमोर न विचारता थेट आपल्यालाच विचारेन.

मॅडमनी आजवर हिशेब ज्या पद्धतीने ठेवला आहे, तो आधी नीट समजून घ्यायला मला आवडेल. बदल सुचवायचे ते त्यानंतर, आणि आपल्याला पटले तरच.

इथले वर्षअखेरीचे काम उरकून मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून रुजू होऊ शकते. त्याआधी एखाद्या महिन्याची जुनी बिले आणि बँक स्टेटमेंट समोर ठेवून माझे काम पाहायचे असेल, तर रविवारी किंवा कोणत्याही दिवशी संध्याकाळी सहानंतर येईन. पगाराचे भेटीतच बोलू. आपली सोय कळवावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
स्नेहल जाधव

सोबत: बायोडाटा, बी.कॉम.ची गुणपत्रिका