रेघ

"ही रेघ काल रात्री मी स्वतः ओढलीय," मृणाल म्हणाली आणि तिनं फेसवॉशची बाटली दोघींच्या नाकासमोर धरली. पारदर्शक बाटलीवर स्केचपेनची लाल रेघ होती. फेसवॉश रेघेच्या नखभर खाली उतरला होता.

शीतल पुस्तकं पिशवीत भरत होती. सातच्या आत अभ्यासिकेत पोचलं नाही की पंख्याखालची जागा जाते. "सकाळच्या पारी पंचनामा व्हय? मी तर साबणानं तोंड धुतो बाई," ती म्हणाली. कोल्हापूरकडच्या मुलींसारखी ती 'मी आलो, मी गेलो' असंच बोलायची आणि पुण्यात दोन वर्षं काढूनही त्यात बदल झाला नव्हता.

म्हणजे उरली कोमल. ती तोंडात ब्रश धरून गॅलरीत उभी होती. आत येऊन तिनं फेस थुंकला, चूळ भरली आणि मग शांतपणे विचारलं, "मला चोर म्हणायलीस का?"

"मी कुणाचं नाव घेतलंय का?"

"रूममध्ये तिघी. शीतल साबणवाली. मग राहिलं कोण?"

सदाशिव पेठेतल्या त्या खोलीत तीन कॉट होत्या, तीन कपाटं होती आणि बाथरूम एक. गिझर सहा ते आठ. आठ वाजले की खालून काकू मेन बटण बंद करायच्या, मग डोक्याला शाम्पू लावलेला असो नाहीतर नसो. बाथरूममधली फळी मात्र जवळजवळ एकट्या मृणालची होती. शाम्पू, त्यानंतरचा कंडिशनर, फेसवॉश, अंगाला लावायचं जेल, ते फेसाळायची गुलाबी जाळी, टाचा घासायचा दगड. कोपऱ्यात कोमलची साबणदाणी आणि रुपयावाल्या शाम्पूच्या दोन पुड्या. एक पुडी ती दोनदा पुरवायची, उरलेली तोंडाशी दुमडून केसातली क्लिप लावून ठेवायची. उदगीरला घरी सोयाबीन पोत्यांत पडून होतं आणि भाव यायची वाट बघत वडिलांनी या महिन्याचे पैसे अर्धेच पाठवले होते. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. क्लिप बघून ज्याला कळायचं त्याला कळलं असतं.

"बरं, फेसवॉशचं राहू दे," कोमल म्हणाली. "मोरीच्या जाळीतले केस दर रविवारी कोण काढतंय? हे एवढाले लांब. माझे तर खांद्यापर्यंतसुद्धा नाहीत. बोटाला गुंडाळून काढताना शिसारी येते मला. त्याची रेघ मारून ठेवू का कुठं भिंतीवर?"

"बोअरच्या पाण्यानं गळतात, मी काय करू?"

"गळू देत. उचलत जा."

"आणि तुझा टॉवेल? आठवडा झाला, खुर्चीवर ओलाच. कुबट वास येतो सगळ्या खोलीत."

"गॅलरीतल्या दोरीवर जागा ठेवतीस का तू?"

"तुमचं तुम्ही बघा, मी चाललो," शीतल म्हणाली आणि चपला घालून निघालीसुद्धा.

त्या दिवसापासून मृणाल सगळ्या बाटल्या एका बादलीत घालून कपाटात ठेवू लागली. कुलूप लावून. आंघोळीला जाताना बादली, येताना बादली. कोमलनं उत्तर म्हणून खोबरेल तेलाच्या बाटलीवर स्वतःचं नाव लिहिलं. डिसेंबरची थंडी होती, तेल गोठून दगड झालेलं. ते न्यायचं कुणाच्या मनात असतं तरी आधी बाटली गरम पाण्यात बुडवून बसावं लागलं असतं. पण नाव लिहिल्याशिवाय तिला चैन पडलं नसतं. भांडणात माणूस असलंच काहीतरी करतो.

अबोला टिकला असता, पण रात्री कोमल खाजवायला लागली. पांघरुणाच्या आत, दात आवळून, आवाज होऊ न देता. तिसऱ्या रात्री शीतलनं मोबाईलच्या बॅटरीचा उजेड पाडला. "दाखीव बघू."

कमरेवर, परकराच्या नाडीच्या वर, रुपयाएवढं कडं. कडेला लाल, बारीक पुळ्यांचं. मध्ये जवळपास साधी कातडी.

"नायटा हाय ह्यो. कुणाचा घेतलीस?"

"असाच झालाय. घामानं."

"डिसेंबरात घाम?"

कोमल कुशीवर वळली. शीतलच्या डोक्यात मात्र दुसरंच चालू होतं. मृणालच्या उशीखाली एक मलमाची ट्यूब असायची, शेपटीकडून गुंडाळत गुंडाळत पार चपटी केलेली. 'पुरळ' असं म्हणून ती ते मांडीला लावायची, तेही दार लावून. मेडिकलवाल्यानं दिलेलं. शीतल काही बोलली नाही. शनिवारी तिनं दोघींना चामडीच्या डॉक्टरकडं नेलं. कोमलला दाखवायला आणि मृणालला "सोबत चल, मला कळत नाही त्यातलं" असं सांगून.

डॉक्टरीणबाईंनी भिंगातून बघितलं आणि मान वर न करताच विचारलं, "रूमवर अजून कुणाला आहे?"

कुणीच बोललं नाही.

"टॉवेल, कपडे, अंग घासायची जाळी, काही एकमेकींचं वापरता?"

कोमलनं छताकडं बघितलं. "टॉवेल वापरला. हिचा. माझा वाळत नव्हता. चार-पाच वेळा."

"माझा टॉवेल?" मृणाल उभीच राहिली. "फेसवॉश तर फेसवॉश, टॉवेलपण?"

"तुम्ही बसा," बाई म्हणाल्या. "हिला तुमच्या टॉवेलवरून झाला असेल, तर तुम्हाला कुठं आहे?"

मृणाल बसली. मग पडद्यामागं गेली. तिथून बाईंचा आवाज आला, "किती दिवस झाले? आणि काय लावताय? आणलंय का बरोबर?" पर्सची चेन उघडल्याचा आवाज. "यात स्टिरॉइड आहे. खाज थांबते, लाली जाते, तुम्हाला वाटतं बरं झालं. आत बुरशी पसरत राहते. हा बघा केवढा झालाय."

दोघींना एकच चिठ्ठी मिळाली. गोळ्या, मलम. मलम कड्याच्या बाहेर दोन बोटं सोडून लावायचं. खाज गेली म्हणून मध्येच सोडायचं नाही. टॉवेल वेगळे, कपडे गरम पाण्यात, वाळवायचे उन्हात.

जिन्यातच सुरू झालं.

"तपासणीचे पैसे तू द्यायचे," कोमल म्हणाली. "तुझ्यामुळं झालाय मला."

"का म्हणून? मी दिला नाही, तू घेतलास. न विचारता."

"विचारलं असतं तर दिला असतास?"

"नसता दिला! सांगितलं असतं की—"

"काय सांगितलं असतंस? मला नायटा झालाय, नको घेऊस, असं?"

मृणाल पुढच्या दोन पायऱ्या उतरली. खाली रिक्षावाला कुणाशी तरी सुट्ट्यावरून वाद घालत होता. "पुरळ म्हणूनच सांगितलं असतं," ती म्हणाली. "आणि तूही कुठं खरं बोललीस? खुर्चीवरचा टॉवेल मुद्दाम ओला ठेवायचीस, वापरलास असं वाटावं म्हणून."

कोमलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. हे मृणालला कळलं असेल असं तिला वाटलं नव्हतं.

"निम्मे निम्मे," शीतल मागून म्हणाली. "रिक्षाचे माझे. आणि आता तिघींचे टॉवेल आजच उकळत्या पाण्यात टाकायचे. मला पण खाजायला लागलंय, खरं का मनाचं, ते कळंना. काकूंकडनं पातेलं मागतो मी."

"काकू विचारतील कशाला," कोमल म्हणाली.

"कपड्याला तेल सांडलं म्हणतो."

"आणि पाणी ओतायचं कशात?" मृणालनं विचारलं.

दोघी तिच्याकडं बघायला लागल्या. खोलीत मोठी बादली एकच होती, कुलपातली.

"हे बघ," मृणाल म्हणाली, "बादली देईन. पण धुऊन परत पाहिजे. आणि तुमचे टॉवेल माझ्यानंतर."

"तुझ्यानंतर?" कोमल जिन्यातच थांबली. "तुझा आधी बुडवला तर आमच्या टॉवेलला काय राहील? तुझा शेवटी!"

"बादली माझी आहे."

"नायटा पण तुझाच आहे."

शीतलनं पातेलं मागायला काकूंना फोन लावला.