आक्कांच्या चित्राबद्दल

काका, नमस्कार.

फोटो मिळाला. खाली तुम्ही एवढंच लिहिलंय, “चांगलं झालंय का?” आधी उत्तर देतो: हो, झालंय. आक्कांना द्यावं असं झालंय. दोन जागी अजून काम केलंत तर त्या हातात घेताक्षणी “अगं बाई, हा आपला गणपतीचा घाट!” म्हणतील. त्या दोन जागांसाठीच एवढं सविस्तर लिहितोय.

दिवाळीत फोनवर तुम्ही म्हणाला होतात, की पुढच्या महिन्यात बडोद्याला आक्कांचं सहस्रचंद्रदर्शन आहे आणि त्यांना माहेरचा घाट द्यायचाय. त्यांना आता लांबचं नीट दिसत नाही आणि चित्र दिवाणखान्यात टांगायचं आहे, हेही तुम्ही बोलला होतात. मी चित्र त्याच नजरेने पाहिलं. स्पर्धेला पाठवायचं असतं तर वेगळ्या गोष्टी लिहिल्या असत्या. मनात तसं काही असेल तर सांगा, मग पुन्हा बोलू.

एक गोष्ट आधी. फोटो रात्री पिवळ्या दिव्याखाली काढलेला दिसतोय. कागदाची कोरी कडसुद्धा पिवळी दिसते, म्हणजे आकाशाचा रंग खरा कसा आहे हे मला इथून कळत नाही, त्याबद्दल काही बोलत नाही. कागद टेबलावर आडवा ठेवून मोबाइल तिरका धरलात, त्यामुळे वरची कड खालच्या कडेपेक्षा आखूड आलीय आणि वरचं सगळं थोडं निमुळतं दिसतंय. पुढचा फोटो सकाळी खिडकीपाशी घ्या. ऊन थेट पडू देऊ नका, कागद भिंतीला उभा करा आणि मोबाइल बरोबर समोर धरा.

आता चित्र. सगळ्यात आवडली ती पायऱ्यांवर धुणं धूत बसलेली बाई. तीन-चार फटकाऱ्यांत तुम्ही तिला बसवलंय. पाठीचा बाक, पुढे झुकलेला खांदा, पाण्यापर्यंत गेलेला हात, सगळं आलंय. चेहरा काढायचा मोह आवरलात हे फार बरं झालं. चेहरा नाही म्हणून ती आक्काही होऊ शकते, तुमची आईही. लुगड्याचा लाल रंग सगळ्या चित्रात फक्त तिथेच आहे, त्यामुळे नजर आधी तिच्याकडे जाते. आक्का त्या पायऱ्यांवर धुणं घेऊन जायच्या हे तुम्हीच सांगितलं होतंत, म्हणजे नजर जिथे जायला हवी तिथेच जातेय. या बाईला आणि तिच्या आजूबाजूच्या पायऱ्यांना आता ब्रश लावू नका.

दुसरी जमलेली गोष्ट म्हणजे देवळाची मागची भिंत. पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून ढोल्या गणपतीच्या देवळाची मागची बाजू माशासारखी निमुळती बांधलीय. परका माणूस तिथे सरळ भिंत काढून मोकळा होतो. तुम्ही ती निमुळती काढलीत, आणि टोकाशी सावली बदलते तीही पकडलीत. वाईत वाढलेल्या माणसाला हे लगेच दिसेल.

आता शिखर. तिरक्या फोटोमुळे थोडं बारीक दिसत असेल, पण वरची कड जेवढी आखूड आलीय त्यापेक्षा शिखर पुष्कळच बारीक आहे. कागदावर पट्टी लावून त्याची रुंदी आणि उंची मोजा आणि घाटाच्या एखाद्या जुन्या फोटोशी ताडून बघा. त्या देवळाचं शिखर जाडजूड आहे, उभ्या पन्हळींचं, खांद्यापाशी भरलेलं. १७६२ साली रास्त्यांनी बांधलेलं हे देऊळ नदीच्या पलीकडून ओळखू येतं ते त्या भरीवपणावरून. तुमच्या चित्रातलं शिखर नाजूक झालंय, ते कुठल्याही गावातल्या देवळाचं असू शकेल. आक्कांना बारीकसारीक दिसणार नाही, त्या बाह्याकारावरूनच ओळखणार, म्हणून हे सगळ्यात आधी करा.

दुरुस्ती सोपी आहे, घाबरू नका. जलरंगात गडदावर फिकट चढत नाही, पण फिकटावर गडद चढतं. तुमचं आकाश फिकट आहे आणि शिखराची उजवी बाजू सावलीत आहे. तेव्हा फक्त उजवीकडे, त्याच सावलीच्या रंगाने शिखर बाहेर वाढवा. डावी, उजेडाची बाजू तशीच ठेवा. आधी पेन्सिलने अगदी हलकी रेघ मारा, चित्र भिंतीला लावून खोलीच्या दुसऱ्या टोकाहून बघा, पटलं तरच रंग घ्या. वाळलं की पन्हळींच्या रेषा नव्या रुंदीत बसवून घ्या. कळस मात्र मधोमध राहायला हवा, नाहीतर शिखर कललेलं दिसेल. तो थोडा सरकवावा लागला तरी चालेल, इतका छोटा ठिपका ओल्या ब्रशने उचलता येतो.

दुसरी जागा म्हणजे पाणी. मोबाइलमध्ये फोटो कृष्णधवल करून बघा. कृष्णेचं पाणी आणि खालच्या पायऱ्या दोन्ही एकाच करड्या रंगाच्या होतात. रंगीत असताना निळं आणि मातकट म्हणून ते वेगळं वाटतं. पण ज्याची नजर कमी झालीय त्याला रंगांतला फरक नीट कळत नाही, उजेड आणि काळोख यांतला फरक कळतो. दिवाणखान्यात पलंगावर बसून आक्का बघतील तेव्हा घाट कुठे संपला आणि नदी कुठे सुरू झाली हे त्यांना समजणार नाही. तुमच्या-माझ्या डोळ्यांसाठी चित्र असतं तर मी एवढा आग्रह धरला नसता.

पाण्यात देवळाचं प्रतिबिंब नाही. तेच घाला, म्हणजे दोन्ही कामं होतील. देऊळ जिथे उभं आहे त्याच्या बरोबर खाली, उभ्या पट्ट्यात, पाण्यावर एक गडद थर द्या. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो करडा येतो तो घ्या, काळ्या ट्यूबला हात लावू नका, काळ्याने पाणी मेल्यासारखं दिसतं. एक लक्षात ठेवा: उजेडातल्या वस्तूचं प्रतिबिंब वस्तूपेक्षा जरा गडद पडतं आणि गडद वस्तूचं जरा फिकट. म्हणून देवळाच्या सावलीच्या बाजूइतकं गडद प्रतिबिंबात जायचं नाही. मोठा ब्रश, भरपूर पाणी, एका दमात, आणि त्यावर पुन्हा फिरवायचं नाही. खालची पायरी पाण्याला टेकते तिथे एक बारीक गडद रेघ, तीही सलग नको, दोन-तीन ठिकाणी तुटू द्या. आधी त्याच कागदाच्या तुकड्यावर निळा थर वाळवून त्यावर करून बघा.

निळा उचलून पाणी फिकट करायचा विचार मात्र करू नका. रंगावरून तो थॅलो ब्लू वाटतोय, आणि तो कागदात मुरून बसतो. घासाल तर रंग जाणार नाही, कागदाचा पापुद्रा निघेल.

बाकीचं पटकन. आकाशाच्या डाव्या कोपऱ्यात पाण्याचा फुलोरा उमटलाय, तो तुम्हाला नक्की खुपत असणार. राहू द्या, ढगासारखा दिसतो, आणि तो पुसायला गेलात तर जास्त उठून दिसेल. मागचा डोंगर सपाट माथ्याचा आणि फिकट ठेवलात, तो छान मागे गेलाय. उभी असलेली दुसरी बाई पायऱ्यांच्या मानाने उंच झालीय. घाटाची पायरी साधारण वीतभर उंच धरली तर उभी बाई सहा-सात पायऱ्यांएवढी भरेल, तुमची दहा पायऱ्यांपर्यंत गेलीय. पण आता तिला कमी करायला गेलात तर डाग पडेल, आणि आक्कांचं तिच्याकडे लक्षही जाणार नाही. पुढच्या चित्रात माणसं काढायच्या आधी पायऱ्या मोजून घ्या, तेवढं पुरे.

चित्र टिकण्याबद्दल एक विचारायचंय. लुगड्याचा लाल कुठला आहे? ट्यूबवर ॲलिझरिन क्रिमसन लिहिलं असेल तर तो उजेडात फिका पडत जातो. तसं असेल तर बडोद्याला भाच्याला सांगून ठेवा, खिडकीसमोरच्या भिंतीवर ऊन येतं तिथे टांगू नका म्हणून. कागद थोडा फुगलेला दिसतोय. रंगकाम पूर्ण संपून वाळलं की चित्र पालथं घालून पाठीमागून अगदी हलका ओला स्पंज फिरवा, दोन कोऱ्या कागदांत ठेवा आणि वर जाड पुस्तकं रचून रात्रभर दाबून ठेवा. फ्रेमवाल्याकडून माउंट लावून घ्या, काच कागदाला टेकायला नको. चित्र गाडीतून बडोद्याला जाणार असेल तर काचेऐवजी ॲक्रिलिक सांगा. फुटायची भीती नाही आणि वजनही कमी.

तुम्ही सही केलेली नाही. उजव्या कोपऱ्यात खाली छोटी सही आणि साल घाला. मागच्या बाजूला पेन्सिलने “गणपती घाट, वाई” आणि आक्कांचं नाव लिहा. नातवंडांना पुढे कळायला हवं.

हे चित्र पूर्ण झालं की पुढचं कुठलं, ते मला विचारायच्या आधी स्वतः ठरवा. पाणी तुम्हाला आवडतंय हे दिसतंय. कोल्हापूरला जाणं झालं तर टाउन हॉल संग्रहालयात आबालाल रहिमान यांची चित्रं जरूर बघा. त्यांनी कोटितीर्थासारखी आपल्या गावाभोवतीचीच पाण्याची ठिकाणं पुन्हा पुन्हा रंगवली. तुमच्यासमोर कृष्णा आहे, आणि ती सकाळी वेगळी असते, श्रावणात वेगळी.

शिखराचं आधी करा, मग एक दिवस थांबा, मग पाण्याचं. दोन्ही एकाच बैठकीत नको. मधे काही अडलं तर रंग ओला असताना फोन करू नका, वाळू द्या आणि मग करा. मी संध्याकाळी सातनंतर घरीच असतो.