गूळ-पाणी

(इंदूरच्या गणेशोत्सवात म्हणायचं गाणं. चाल ओवीची, ठेका केरवा. आधी निवेदन.)

नमस्कार मंडळी. आपल्या माळव्याची म्हण सगळ्यांना पाठ आहे : डग डग रोटी, पग पग नीर. त्याच माळव्यात 1990च्या दशकात देवासला इंदूरहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं. आपल्याकडे 1978 साली नर्मदा आली. जलूदहून, सुमारे 70 किलोमीटरवरून, पंपांनी घाट चढवून. आसपासच्या कितीतरी खेड्यांत मात्र अजून उन्हाळा टँकरवरच निघतो. अशाच एका गावातल्या मावशीकडे इंदूरची भाची येते. मावशी एकटीच बोलते आहे.

ये ग बाई, टेक आधी,
गूळ ठेव जिभेवर,
भरला ग तांब्या तुझा,
पाणी पी ग पोटभर.

विहिरीचं नको पुसू,
दगडच दिसे तळा;
बोअर गेला सहाशे,
वर फुफाटाच काळा.

(ठेका चालू ठेवून, बोलत) हा माळव्याचा काळा पाषाण, बेसाल्ट. वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत साठेल तेवढंच पाणी. भेग लागली नाही, तर सहाशे फूट खाली जाऊनही दगडाची भुकटीच वर येते, आणि बोअरचं कर्ज तेवढं उरतं. मावशी कर्जाचं बोलत नाही. ती टँकरचं सांगते.

टँकराची वर्दी येते
रात्री-बेरात्री गावात,
हंडे झोपती रांगेत,
बाया बसती जागत.

सकाळी शाळा पोरीची
आधी रांगेत भरते,
पाढे हंड्यावर म्हणे,
तेराचाच विसरते.

(कोरस) ये ग बाई, टेक आधी,
गूळ ठेव जिभेवर…

भाजी धुते, तेच पाणी
घमेल्यात मी धरते,
अर्धं तुळशीला जातं,
गाय उरलं चाटते.

थोरल्याला पाहायाला
आले पाहुणे दुरून,
रिते हंडे पाहिले नि
गेले चहाच पिऊन.

(हे कडवं दोनदा. दुसऱ्या वेळी तबला थांबेल, नुसती टाळी.)

तुझ्या नळाला नर्मदा
दिवसाआड ग येते;
तांब्याभर अंघोळीत
तिचं फक्त नाव घेते.

(बोलत) ‘नर्मदे सिंधु कावेरि’ हा श्लोक मावशीच्या आईनं शिकवला. अंघोळ केवढीही होवो, तो पुरा म्हणायचा, म्हणून ती म्हणते. भाचीनं इकडे तांब्या खाली ठेवलाय. पुढचं कडवं थोडं रागानं, थोडं लाडानं म्हणायचं.

निम्मा ठेवलास तांब्या?
लाज वाटते कशाची?
पी ग बाई, मोजणारी
नाही ग मावशी तुझी.