गॅस जोडणीसाठी ना-हरकत पत्र मिळण्याबाबत

ऐरोली, नवी मुंबई
९ जून २०२५

आदरणीय कुलकर्णी काका,
सादर नमस्कार.

तुमच्या फ्लॅटसाठी माझ्या नावावर घरगुती सिलिंडरची जोडणी घ्यायची आहे. माझ्या आधारवर साताऱ्याचा पत्ता असल्यामुळे एजन्सीत आपला नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार दिला. करारात फक्त प्लॉट आणि सेक्टर आहे, लाईट बिलावर मात्र सोसायटीचे नाव आहे. दोन्ही पत्ते एकाच घराचे आहेत हे दाखवणारे घरमालकाचे ना-हरकत पत्र एजन्सीने मागितले आहे. ते साध्या कागदावर चालेल, स्टॅम्प पेपर किंवा नोटरी नको, असे काउंटरवर विचारून घेतले आहे.

लाईट बिल काकूंच्या नावावर आहे आणि करारात तुम्ही दोघे आहात. एकट्या तुमच्या सहीचे पत्र बिलाशी जुळणार नाही, म्हणून दोघांच्याही सह्या हव्यात, करारावर केल्या तशाच. मजकूर असा चालेल:

"आम्ही प्रकाश दत्तात्रय कुलकर्णी व सौ. वैशाली प्रकाश कुलकर्णी, फ्लॅट ३०२, बी विंग, समृद्धी सोसायटी, प्लॉट ४१, सेक्टर १९, ऐरोली, नवी मुंबई ४००७०८ या घराचे मालक आहोत. करारात व लाईट बिलावर नमूद केलेले घर हेच आहे. कु. स्नेहल मारुती जगताप या १ मे २०२५ ते ३१ मार्च २०२६ या मुदतीच्या करारान्वये येथे राहतात. त्यांनी या पत्त्यावर स्वतःच्या नावे घरगुती गॅस जोडणी घेण्यास आमची हरकत नाही. हे पत्र फक्त त्याच कामासाठी आहे."

खाली तारीख आणि तुमचा मोबाईल नंबर लिहावा. सोबत ताजे लाईट बिल आणि दोघांच्या मास्क्ड आधारची प्रत लागेल. त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. प्रतीवर सही करून "केवळ गॅस जोडणीसाठी" असे आडवे लिहा, म्हणजे ती दुसरीकडे वापरता येणार नाही.

एक गोष्ट आधी सांगाल का? या पत्त्यावर तुमची किंवा आधीच्या भाडेकरूंची जोडणी अजून चालू आहे का? एका स्वयंपाकघराला एकच जोडणी मिळते. जुनी नोंद राहिली असेल तर माझा अर्ज अडकेल आणि ती आधी बंद करावी लागेल.

तुमच्यावर कसलाही बोजा येणार नाही. अनामत मी भरणार आहे, पावतीही माझ्या नावावर असेल. घर सोडताना सिलिंडर आणि रेग्युलेटर परत करून जोडणी बंद करीन किंवा नव्या पत्त्यावर नेईन, आणि त्याचा कागद तुम्हाला दाखवीन. बसवताना भिंतीला भोक पाडावे लागत नाही.

सही केल्यावर आधी व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा, नावांचे स्पेलिंग मी तपासून घेते. मग मूळ पत्र पुण्याहून कुरिअर करावे, कारण झेरॉक्स घेत नाहीत. कुरिअरचे पैसे भाड्यासोबत पाठवीन. या शनिवारपर्यंत मिळाले तर सोमवारी अर्ज देता येईल. तोवर इंडक्शनवर भागवते आहे. काकूंना नमस्कार सांगा.

आपली,
स्नेहल जगताप
फ्लॅट ३०२, बी विंग