डब्बा बोलला का?

दामूभाऊ आमच्या आर्वी-वर्धा मिनीबसचा कंडक्टर. गाडी प्रायव्हेट. 2021-22 च्या एसटी संपात जी जिकडंतिकडं प्रायव्हेट गाड्यांची चंगळ झाली होती ना, तेव्हापासून हा या गाडीवर आहे. शेठ आर्वीचाच. मी रोज वर्ध्याला कामाला जातो, सकाळी सातच्या खेपेला, ड्रायव्हरच्या मागची दुसरी सीट माझी जवळजवळ रिझर्व, म्हणून हे सगळं मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आधी सगळं नगदीच होतं. आणि नगदी म्हणजे रोजची कटकट चिल्लरची. खरांगण्याचे चाळीस झाले की माणूस पाचशेची नोट काढते, सकाळी सकाळी, आणि वरून म्हणते, "तुमच्यापाशी नाई त कोणापाशी राहीन?" दामूभाऊ तिकिटाच्या मागं दहा रुपये बाकी लिहून द्यायचा, ते दहा रुपये पुढं कोणालेच भेटत नव्हते ही वेगळी गोष्ट. मग पोरं विचारायला लागली, स्कॅनर नाई का, स्कॅनर नाई का. शेवटी शेठनं एक दिवस स्कॅनरचं स्टिकर आणून ड्रायव्हरच्या मागच्या पत्र्यावर चिकटवलं, एक लॅमिनेशन केलेलं कार्ड दामूभाऊच्या गळ्यात टाकलं, आणि सोबत तो बोलणारा डब्बा. खातं शेठचं, डब्ब्याचं भाडं महिन्याला शेठच्या खात्यातून कटणार, आणि ते शेठनं दामूभाऊला तीनदा सांगितलं.

डब्बा समोर डॅशबोर्डवर, गणपतीच्या बाजूला बांधला. आता सांगा, समोर इंजिन, वरून ड्रायव्हरची गाणी, आणि दामूभाऊ मागं शेवटच्या सीटपाशी, त्याला काय ऐकू येते! तो आपला मोबाईल पाहायचा. पोरानं स्क्रीन दाखवली, हिरवी टिक दिसली, की "हाव, झालं, सरक पुढं". पहिला आठवडा लय खुश होता गडी. "चिल्लरचं झंझट गेलं न बाप्पा" म्हणे.

मग शनिवारी शेठनं हिसाब केला. दामूभाऊच्या वहीत ऑनलाइनचे जेवढे लिहिले होते त्याच्यापेक्षा खात्यात तीनशे वीस रुपये कमी. शेठ म्हणे वही खोटी, दामूभाऊ म्हणे खातं खोटं, शेवटी खातं कसं खोटं राहीन, पैसे पगारातून कटले. तेव्हा शेठच्या पोरानं त्याला समजावून सांगितलं, की काका, हिरवी टिक त्याच्या मोबाईलमध्ये आहे, ते चित्र आहे, कालचं पण दाखवू शकते कोणी, असे खोटे अ‍ॅप पण निघाले आहेत जे नुसती टिक दाखवतात. आपल्या खात्यात पैसा आला की तो डब्बाच सांगीन. डब्बा बोलला तरच पैसे. पोरानं डब्ब्याची भाषा पण बदलून मराठी करून दिली, आधी तो हिंदीत बोलायचा.

दुसऱ्या दिवशीपासून डब्बा डॅशबोर्डवरून निघून दामूभाऊच्या खांद्यावरच्या झोल्यात. गडी एकदम कडक झाला. "डब्बा बोलला का? नाई बोलला. उतरायचं नाई." एकच मंत्र.

आणि यातच त्याच्याकडून ते झालं. आर्वीच्या बाजाराचा दिवस, संध्याकाळची परतीची खेप, गाडीत पाय ठेवायला जागा नाही. त्या दिवशी मी लवकर सुटलो होतो. आंजीवरून एक बुढी माय आणि तिची नात चढल्या. दामूभाऊ गर्दीतून त्यांच्यापर्यंत पोचेपर्यंत खरांगणा मागं गेलं होतं आणि गाडी त्या जंगलपट्ट्यात शिरली होती. पोरीनं दोघींचे शंभर रुपये मारले. डब्बा चूप. पोरगी मोबाईल दाखवते, "काका, पायना, कटले." दामूभाऊ म्हणे, "असे लय पायले म्या." आजी म्हणे, "अरे बाबू, पोरगी खोटी नाई बोलत." हा ऐकायलाच तयार नाही. सगळी गाडी पाहून राहिली. शेवटी आजीनं कंबरेची पिशवी काढली, तिच्यात हळदीकुंकवाची पुडी, तंबाखू, आणि दहा-दहाच्या गुंडाळलेल्या नोटा. मोजून दहा दिल्या. काही बोलली नाही. पोरीचे डोळे भरले होते. त्यांचं गाव आलं, उतरल्या.

आर्वी चारपाच किलोमीटर राहिली असेल तेव्हा झोल्यातून आवाज आला. "शंभर रुपये प्राप्त झाले."

मी पण मुकाट बसलो होतो तेव्हा, हे लिहायला पाहिजे. मला माहीत होतं की डब्ब्यात वेगळं सिम राहते. पोरीच्या मोबाईलला रेंज होती, डब्ब्याच्या सिमला तिथं नव्हती, पैसे गेले होते, बोलायचं राहिलं होतं. एवढं मी बोलू शकत होतो. नाही बोललो.

दामूभाऊनं डब्बा बाहेर काढला, पाहिला, परत आत ठेवला. दुसऱ्या दिवशी दहाच्या दहा नोटा वेगळ्या घडी करून वरच्या खिशात. बारा दिवस त्या तशाच होत्या, कारण आजी काही दिसेना. त्या फाट्यावर गाडी थांबली की हा खिडकीतून मान काढून पाहायचा. मग एक दिवस नात एकटीच दिसली कॉलेजची बॅग घेऊन, यानं चालत्या गाडीतून उडी मारली आणि पैसे तिच्या हातात दिले. "माय बाईले सांग, डब्बा उशिरा बोलला." पोरगी म्हणे, "काका, तुम्ही आधी मोबाईल पाहत होते तेच बरं होतं." त्यानं काही उत्तर दिलं नाही.

त्यानंतर पद्धत बदलली. जंगलपट्ट्यात कोणी ऑनलाइन मारले आणि डब्बा चूप राहिला तर हा फक्त नाव, रक्कम आणि मोबाईलवर दिसणाऱ्या व्यवहार नंबरचे शेवटचे चार आकडे वहीत लिहितो. रेंज आली की डब्बा एकामागून एक बोलत सुटते, चाळीस, साठ, चाळीस, आणि हा वहीत टिक मारत जातो. एखादा राहिलाच तर शेठच्या पोराला फोन करून खात्यात तो नंबर पाहायला लावते.

पोरं काही कमी नसतात पण. मागच्या महिन्यात वर्ध्यावरून तिघं चढले, स्मार्ट एकदम. स्कॅन केलं आणि लगेच आवाज, "एक सौ अस्सी रुपये प्राप्त हुए." जोरात, अख्ख्या गाडीला ऐकू गेलं. दामूभाऊ दोन पावलं पुढं गेला आणि थांबला. वळला. डब्बा झोल्यातून काढून त्या पोराच्या नाकासमोर धरला.

"आमचा डब्बा मराठीत बोलते बे."

गाडी हसली. आवाज पोराच्या मोबाईलमधून होता, रेकॉर्ड केलेला. तिघांनी गुपचूप नगदी काढले, एकाकडं तर पाचशेचीच नोट होती, आणि चिल्लर नव्हतं, ते मी दिलं.

आता सकाळी गाडी सुटायच्या आधी दामूभाऊ स्वतःच्या मोबाईलवरून गळ्यातल्या कार्डावर एक रुपया मारते. बोहनी म्हणते तो त्याला. यात दोन कामं होतात, डब्बा जिवंत आहे का ते कळते, आणि कार्डावर रात्रीतून कोणी दुसऱ्याच्या नावाचं स्टिकर तर चिकटवलं नाही ना ते पण. डब्बा "एक रुपया" म्हणाला की ड्रायव्हर सेल मारते. पत्र्यावरचं स्टिकर त्यानं केव्हाच खरवडून काढलं.

आज सकाळी त्यानं रुपया मारला. डब्बा चूप. परत मारला. बटण दाबून पाहिलं, आवाज वाढवून पाहिला, चार्जिंगचा लाईट लाल पण नाही. रात्री चार्जिंगला लावायचा राहिला होता. ड्रायव्हर म्हणे, "चाल न, मोबाईल पाहून घे आजच्या दिवस."

दामूभाऊनं गळ्यातलं कार्ड उलटं करून शर्टाच्या आत टाकलं आणि दारात उभा राहून ओरडला, "वर्धा वर्धा वर्धा! आज नगदी, चिल्लर घेऊनच चढा!"