दशावतारी नाटकाआधीचं निवेदन

नमस्कार मंडळी. आत रंगपटात अजून तोंडं रंगताहेत, तोवर दहाएक मिनिटं माझी. आजची कंपनी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या कुडाळ तालुक्यातून काल रात्री निघाली आणि सकाळी इथे पोचली. कंपनीचं नाव मी वाचून दाखवत नाही, मागच्या पडद्यावर ते मोठ्या अक्षरांत रंगवलेलं आहे. 'मंडळ' किंवा 'ग्रुप' असं हे लोक स्वतःला क्वचितच म्हणतात. त्यांच्या बोलण्यात ती 'कंपनी', आणि चालवणारा तो 'मालक'. मालकही बहुतेक वेळा स्वतः काम करतो, आजही करणार आहे.

सगळे मिळून चौदा जण. त्यातले तिघे वादक: पायपेटी, मृदंग आणि झांज. उरलेल्या अकरांतून अख्खं पुराण उभं राहतं. राजाचं काम करणारा तो राजपार्टी, बाईचं करणारा स्त्रीपार्टी, राक्षसाचं करणारा खलपार्टी, शिवाय हशा पिकवणारा एक विनोदी नट. बायकांची कामं पुरुषच करतात, आणि ही पद्धत आजकालची नाही. समर्थ रामदासांनी दासबोधात दशावतारी खेळाचा उल्लेख केला आहे: तिथे सुंदर नारी येतात, डोळे मोडतात, पण असतात सगळे धटिंगण. म्हणजे सतराव्या शतकातल्या प्रेक्षकालाही ते ठाऊक होतं आणि तरी तो बघत बसायचा. आजच्या चित्रांगदेकडे बघताना तुम्हीही पाच मिनिटांत विसराल, पैज लावतो.

कोकणात हे नाटक सभागृहात होत नाही, देवळासमोर होतं. कार्तिक पौर्णिमेच्या सुमाराला गावोगावच्या जत्रा सुरू होतात. जत्रेच्या रात्री देवाची पालखी देवळाला प्रदक्षिणा घालते, ती आत गेली की मगच नाटक उभं राहतं, आणि उजाडताना दहीकाल्यानं संपतं. म्हणून जुनी माणसं नाटकालाच 'दहीकाला' म्हणतात, मालवणीत 'धयकालो'. कोणत्या देवळात कोणत्या कंपनीनं खेळ करायचा हे अनेक ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं असतं. हंगामात रोज रात्री नवं गाव, दिवसा टेम्पोत झोप, संध्याकाळी पुन्हा पेटारा उघडायचा.

या पेटाऱ्याला फार मान आहे. मुकुट, भुजा, शस्त्रं आणि गणपतीचा मुखवटा त्यात असतो, आणि खेळाआधी त्याची पूजा होते. आजही झाली, तुम्ही आत येण्याआधी. नाटकाची तयारी बघायला आत जाऊ का, असं मघाशी दोघातिघांनी विचारलं. पेटाऱ्याला हात न लावता, चपला बाहेर काढून, खेळ संपल्यावर जरूर जा. आत्ता नको. इथे वेगळा रंगभूषाकार नसतो, प्रत्येक नट आरशासमोर बसून आपला चेहरा आपणच रंगवतो. सगळ्यात जास्त वेळ स्त्रीपार्टीला लागतो, आणि त्यात कोणी बोलायला गेलं की भुवई वाकडी होते.

आता नाटक कसं बघायचं ते सांगतो, कारण नेहमीच्या नाटकाची सवय इथे आड येते.

पहिली गोष्ट, याला संहिता नाही. पाठ केलेले संवाद नाहीत, प्रॉम्प्टर नाही, तालीमही जवळपास नाही. आज दुपारी जेवणं झाल्यावर मालकानं आख्यान सांगितलं, प्रवेशांचा क्रम ठरला, कोण कोणाच्या आधी येणार, कुठे पद, कुठे युद्ध, बस. बाकी सगळं इथे, तुमच्यासमोर बनणार. नटाकडे पुराणं तोंडपाठ असतात, समोरच्यानं टाकलेला मुद्दा तिथल्या तिथे उचलायचा असतो. दोन तयारीचे नट समोरासमोर आले की वाद रंगतो, आणि धोकाही तिथेच असतो. एकाला चढ आली की तो थांबत नाही, दुसराही माघार घेत नाही, आणि दहा मिनिटांचा प्रवेश अर्ध्या तासाचा होतो. तो आवरायचं काम पेटीवाल्याचं. तो हळूच पदाचे सूर धरतो, नटाला ते ऐकू येतं आणि बोलणं गाण्यावर येऊन संपतं. हे होताना कान द्या, फार सफाईनं होतं. प्रत्येक नटाची पट्टी पेटीवाल्याला माहीत असावी लागते. नवा पेटीवाला असला तर पहिली ओळ नट एका सुरात धरतो आणि पेटी दुसऱ्या सुरात वाजते. आजचे पेटीवाले जुने आहेत, ती काळजी नाही.

दुसरी गोष्ट, मंचाच्या मधोमध ते बाकडं. नेपथ्य तेवढंच. त्यावर राजा बसला की सिंहासन, कोणी चढून उभं राहिलं की डोंगर. बाकड्याला एक फेरी घातली की प्रवास झाला, हस्तिनापूर मागे पडलं. कार्यक्रमाच्या तयारीत आमच्याकडच्या एका उत्साही कार्यकर्त्यानं मागे महालाचा कटआउट लावायचं सुचवलं होतं. मालकांनी नम्रपणे विचारलं, मग पुढच्या प्रवेशात जंगल कुठून आणू? कटआउट आला नाही.

खेळाचे दोन भाग असतात, पूर्वरंग आणि उत्तररंग. पूर्वरंगाला गावाकडे आडदशावतार म्हणतात. सुरुवातीला नाईक, म्हणजे सूत्रधार, वादकांबरोबर पदं म्हणतो. मग मुखवट्यातला गणपती येतो, दोन बाजूंना ऋद्धी आणि सिद्धी. भटजी येतो, पूजा होते. पुढे सरस्वती. आणि मग संकासुर. काळे कपडे, तोंडावर काळा मुखवटा, बाहेर लोंबणारी लाल जीभ. वेद चोरणारा हा राक्षस, विष्णूनं मत्स्यावतार घेऊन ज्याला मारलं तोच. पण इथे तो राक्षस कमी आणि गावातला तोंडाळ माणूस जास्त. देव आणि राजे शुद्ध मराठीत बोलतात, संकासुर अस्सल मालवणीत. नाईकाशी त्याची जी जुंपते तिच्यात समोर बसलेल्या प्रेक्षकांचाही नंबर लागतो. पहिल्या रांगेतल्या मंडळींनी मोबाइल काढला तर त्यावरही बोलणं येऊ शकतं, आधीच सांगून ठेवतो.

शहरातल्या प्रयोगांत आयोजक पूर्वरंग कापायला सांगतात, आणि तिथेच नाटकाची गाडी घसरते. जत्रेत हा भाग चांगला तासभर चालतो. लोक तोवर बसून स्थिरावतात, मृदंगाचं कातडं तापतं, नटांचा आवाज मोकळा होतो. तो काढून टाकला की थंड आवाजात थेट राजदरबार सुरू होतो आणि पहिले दोन प्रवेश ओढूनताणून चालल्यासारखे वाटतात. आज आपण तो पंचवीस मिनिटांचा ठेवला आहे. त्याहून कमी करायला कंपनी तयार नव्हती, आणि आम्हीही आग्रह धरला नाही.

उत्तररंग म्हणजे आख्यान. आजचं आख्यान बभ्रुवाहनाचं. अश्वमेधाच्या घोड्यामागून अर्जुन मणिपूरला येतो. तिथला राजा बभ्रुवाहन हा त्याचाच, चित्रांगदेपासून झालेला मुलगा. तो हात जोडून सामोरा येतो, आणि अर्जुनाला तेच खटकतं: क्षत्रिय असून घोडा न अडवता शरण आलास? नागकन्या उलूपी मुलाला लढायला उठवते. युद्ध होतं आणि बाप मुलाच्या हातून पडतो. पुढे उलूपीच्याच मण्यानं तो उठतो. गोष्ट तुम्हाला ठाऊक असली तरी बिघडत नाही, जत्रेत ती सगळ्यांनाच ठाऊक असते. बघायचं असतं ते हे, की अर्जुन त्या मुलाला नेमका कोणत्या शब्दांनी टोचणार आणि मुलगा किती वेळ सहन करणार. ते आत्ता त्या दोन नटांनाही माहीत नाही.

युद्धाबद्दल दोन शब्द, कारण आजच्या खेळातला नाच तिथे आहे. तलवारी लाकडी, वार खोटे, पण ठेका खरा. दोघे बाकड्याभोवती पाय आपटत फिरतात, गिरकी घेतात, आणि तलवारीला तलवार भिडते त्या क्षणी मृदंगावर थाप पडायला हवी. थाप वारामागे जात नाही, नट आणि मृदंगवाला दोघांची नजर एकमेकांवर असते. म्हणून मृदंगवाला मंचाच्या अशा कडेला बसतो, जिथून त्याला नटाचे पाय दिसतात. अशा सभागृहात वादकांना विंगेत ढकलतात आणि मग वार आधी, थाप नंतर, असं हास्यास्पद काहीतरी होतं. आज ते तुमच्या डावीकडे, समोरच बसतील. मंचावरचा गालिचाही आम्ही काढला आहे, कारण त्यात पायाचा आवाज मरतो. उघड्या फळ्या मात्र गुळगुळीत आहेत, त्यामुळे गिरक्या जत्रेतल्या मातीवर असतात त्यापेक्षा थोड्या जपून घेतल्या जातील.

तुमच्याकडून तीन-चार गोष्टी हव्या आहेत. युद्ध चालू असताना ठेक्यावर सामुदायिक टाळ्या धरू नका. युद्धात लय वाढत जाते, टाळ्या मात्र आहे त्याच लयीत अडकतात आणि नटाला मृदंग ऐकू येईनासा होतो. वार पडल्यावर, पद संपल्यावर, एखादा संवाद जमला की मनसोक्त दाद द्या, शिट्टीही चालेल, जत्रेत वाजतेच. फ्लॅश टाळा. मुकुटाच्या बेगडीवर तो चमकतो आणि नट क्षणभर आंधळा होतो, हातात तलवार असताना ते बरं नाही. मंचासमोर माइक जमिनीवर ठेवले आहेत, त्यांच्या वायरी मधल्या वाटेतून गेल्या आहेत. जाता-येता पाय उचलून टाका.

मध्यंतर नाही. एकूण सव्वातीन तास, म्हणजे जत्रेतल्या रात्रीचा साधारण निम्मा खेळ. लहान मुलं झोपली तर झोपू द्या, तिकडेही आईच्या मांडीवर झोपतात आणि युद्धाच्या गजराला उठतात. शेवटी दहीकाला होईल, हंडी फुटेल. त्याच्या आधी आरतीचं ताट तुमच्या रांगांतून फिरेल. ती वर्गणी नव्हे आणि तिकिटाचा भागही नव्हे, पद्धत आहे. वाटलं तर टाका, नाही टाकलं तरी कोणी थांबून बघणार नाही. ताटात पडेल ते सगळं कंपनीचं. कलाकारांची ओळखही तेव्हाच होईल, वेशातच, म्हणजे कोण काय झालं होतं याचा घोटाळा नको.

पेटीचा भाता हलला, आतून खूण आली आहे. मंच कंपनीच्या ताब्यात. उभे असलेल्यांनी बसून घ्या, नाईक येताहेत.