दुकानदारांसाठी घाऊक खरेदी : सोलापुरी चादर, टेरी टॉवेल आणि नॅपकिन

हे पान किरकोळ दुकानदारांसाठी आहे. येथे दिसणारा माल सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत आमच्याच मागांवर विणला जातो आणि तेथूनच गाठ बांधून निघतो. घरगुती वापरासाठी एखादी चादर हवी असल्यास ती आपल्या गावच्या दुकानातूनच घ्यावी, अशी आमची विनंती आहे. जे दुकानदार आमचा माल मांडतात, त्यांच्याच गिऱ्हाइकाला आम्ही घाऊक भावात परस्पर माल विकणे योग्य नाही.

खाते उघडणे

आपला पंधरा अंकी जीएसटी क्रमांक, दुकानाचा पत्ता आणि ज्या ट्रान्सपोर्टच्या गोदामातून आपण माल उचलता त्याचे नाव, एवढी माहिती भरली की खाते उघडते. जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान दुकानदारांना महाराष्ट्रात गुमास्ता परवाना किंवा उद्यम नोंदणी दाखवून खाते उघडता येते. त्यांचे दर आणि किमान नग इतरांइतकेच आहेत. मालक आणि मुनीम यांना एकाच खात्यात वेगवेगळा प्रवेश देता येतो. मुनिमाने यादी भरावी आणि मालकाने मंजुरी दिल्यावरच ती आमच्याकडे यावी, अशी सोय त्यात आहे.

दर : १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू, प्रति नग, जीएसटी वेगळा

| माल | किमान मागणी | एका गाठीहून कमी | १ गाठ व अधिक | ३ गाठी व अधिक |
|---|---|---|---|---|
| जॅकार्ड चादर, सिंगल, ६० × ९० इंच (गाठ : ४० नग) | १० नग | ₹३९० | ₹३७२ | ₹३५८ |
| जॅकार्ड चादर, डबल, ९० × १०० इंच (गाठ : २५ नग) | ५ नग | ₹६९० | ₹६६२ | ₹६४० |
| टेरी टॉवेल, ३० × ६० इंच, ४०० जीएसएम (गाठ : ८ डझन) | २ डझन | ₹१७८ | ₹१६८ | ₹१६० |
| आहेराचा टॉवेल, २७ × ५४ इंच, २६० जीएसएम (गाठ : १६ डझन) | ५ डझन | ₹९२ | ₹८६ | ₹८१ |
| नॅपकिन, १६ × २४ इंच (गाठ : ५० डझन) | १० डझन | ₹३१ | ₹२८ | ₹२६ |

संपूर्ण मागणीची किमान रक्कम जीएसटीपूर्वी ₹१५,००० आहे. चादरी दहाच्या किंवा पाचच्या पटीत आणि टॉवेल-नॅपकिन डझनाच्या पटीत मागवावेत. सिंगल चादरीच्या एका डिझाइनचे किमान १० नग घ्यावे लागतात, मात्र गाठ पूर्ण करण्यासाठी चार डिझाइने किंवा चार रंग एकत्र चालतात. वेगवेगळ्या प्रकारचा माल एकत्र करून दराचा टप्पा ठरत नाही, म्हणजे अर्धी गाठ चादर आणि अर्धी गाठ टॉवेल मिळून एक गाठ धरली जात नाही. मालवाहतुकीसाठी मात्र सर्व गाठी एकत्र मोजल्या जातात. कोणत्याही मालाच्या मिळून तीन गाठी झाल्या की महाराष्ट्रात कोठेही, तसेच कलबुर्गी आणि विजयपूर येथे ट्रान्सपोर्टच्या गोदामापर्यंतचे भाडे आम्ही भरतो.

हे टप्पे आम्ही गाठीवर बेतले आहेत, कारण आमचा खर्चही गाठीनुसारच कमी-अधिक होतो. एक गाठ साधारण ४५ ते ४८ किलोची असते. ती एका हमालाला उचलता येते, ट्रान्सपोर्टवाला भाडे गाठीमागे घेतो आणि ती बांधायला, शिवायला व तिच्यावर खूण घालायला अर्ध्या गाठीइतकाच वेळ लागतो. दहा चादरींचे पार्सल बांधताना प्रत्येक चादरीवर जो खर्च पडतो, तोच दरातील फरकाच्या रूपाने आपल्याला दिसतो. दर सर्व दुकानदारांना सारखे आहेत. ओळखीने कमी किंवा गरज पाहून जास्त असा वेगळा भाव आम्ही लावत नाही, आणि फोनवर विचारल्यासही याच तक्त्यातील दर सांगितला जाईल.

टप्पा ओलांडल्यावर नवा दर त्या मालाच्या सर्व नगांना लागतो, केवळ वरच्या नगांना नव्हे. उदाहरणार्थ, एखाद्या दुकानदाराने चार डिझाइनांच्या मिळून ४० सिंगल चादरी आणि ३० × ६० चे ६ डझन टॉवेल निवडले, तर चादरींचे ४० × ३७२ म्हणजे ₹१४,८८० आणि टॉवेलचे ७२ × १७८ म्हणजे ₹१२,८१६ होतात. एकूण ₹२७,६९६ वर ५ टक्के जीएसटी ₹१,३८४.८० धरून बिल ₹२९,०८०.८० होते. याच यादीत टॉवेल ८ डझन केले तर त्यांचे ₹१६,१२८ होतात, म्हणजे वाढलेले २४ टॉवेल प्रत्येकी ₹१३८ ला पडतात. पुढचा टप्पा जवळ आला असेल तर यादीच्या खाली तसे लिहून येते, पण संख्या आपोआप वाढवली जात नाही. दुकानात माल किती खपतो हे आपल्यालाच ठाऊक असते. स्वस्त पडतो म्हणून घेतलेली आणि पुढच्या थंडीपर्यंत फळीवर पडून राहिलेली गाठ शेवटी महागच पडते.

मागील मागणीतून पुन्हा मागवा

आमच्याकडून नियमित माल घेणाऱ्या दुकानदारांनी हा भाग आवर्जून वापरावा. खात्यात गेल्या ३६ महिन्यांच्या सर्व मागण्या बिल क्रमांक, महिना आणि डिझाइन क्रमांकानुसार शोधता येतात. एखाद्या जुन्या मागणीसमोरील ‘पुन्हा मागवा’ हे बटण दाबले की ती यादी जशीच्या तशी भरली जाते. त्यातील नको असलेल्या ओळी काढता येतात, नग बदलता येतात आणि दोन जुन्या मागण्या एकत्रही करता येतात. ‘मागणी पक्की करा’ हे शेवटचे बटण दाबेपर्यंत आमच्याकडे काहीही नोंदले जात नाही.

प्रत्येक ओळीत त्या वेळचा दर आणि आजचा दर शेजारी शेजारी दिसतात. आकारणी आजच्या दराने आणि आजच्या संख्येच्या टप्प्याने होते. सुताचे भाव बदलल्यामुळे दर बदलावे लागले तर ते या पानावर सात दिवस आधी जाहीर केले जातात आणि तोपर्यंत पक्क्या झालेल्या मागण्या जुन्याच दराने पाठवल्या जातात.

रंगाच्या बाबतीत मात्र येथे थोडे थांबून पाहावे लागते. सूत एका वेळी जेवढे रंगवले जाते तो एक लॉट होतो. रंगाचे माप तेच ठेवले, तरी पाणी, उष्णता आणि सुताची जात यांमुळे पुढच्या लॉटची छटा किंचित वेगळी निघते. मेहंदी रंगाचे दोन टॉवेल वेगवेगळ्या लॉटचे असतील, तर ते एकाच फळीवर ठेवल्यावर गिऱ्हाइकाच्या नजरेला फरक चटकन जाणवतो. म्हणून पुन्हा मागवताना प्रत्येक ओळीसमोर ‘तोच लॉट शिल्लक’ किंवा ‘नवा लॉट’ असे लिहिलेले असते, आणि नवा लॉट असल्यास त्याचे दिवसाच्या उजेडात काढलेले छायाचित्र जुन्या लॉटच्या तुकड्याशेजारी दाखवले जाते. जोडीने विकायचा माल असल्यास छायाचित्र पाहूनच मागणी पक्की करावी.

बंद झालेले डिझाइन यादीत फिक्या अक्षरांत दिसते. जॅकार्ड मागावर एक डिझाइन उतरवून दुसरे चढवण्यात बराच वेळ जातो, त्यामुळे कमी खपाची डिझाइने आम्ही सतत विणू शकत नाही. अशा ठिकाणी त्याच्या जवळचे डिझाइन सुचवले जाते, पण ते आपण निवडल्याशिवाय पाठवले जात नाही. मोराऐवजी वेलबुट्टी पाठवून ‘चालवून घ्या’ म्हणणे आम्हाला मान्य नाही.

‘गेल्या वर्षी याच महिन्यात’ या दुव्यावर त्या काळातील आपली मागणी दिसते. चादरीची विक्री दिवाळीनंतर वाढते आणि आहेराच्या टॉवेलची मागणी लग्नतिथींबरोबर वर-खाली होते, त्यामुळे मागच्या महिन्यापेक्षा मागच्या वर्षाचा आकडा अनेकदा अधिक उपयोगी पडतो. टॉवेल-टोपीचा आहेर शेकड्यांच्या हिशेबात लागतो. अशी मागणी लग्नाच्या किमान २० दिवस आधी नोंदवावी.

रवानगी, कर आणि पैसे

दुपारी १ पर्यंत पक्की झालेली मागणी, माल शिल्लक असल्यास, दुसऱ्या कामाच्या दिवशी ट्रान्सपोर्टकडे दिली जाते. मकर संक्रांतीच्या सुमारास श्री सिद्धेश्वर यात्रेत कारखाना आणि रवानगी चार दिवस बंद असते, म्हणून जानेवारीतील माल शक्यतो आधीच मागवून ठेवावा. पावसाळ्यात गोणपाटाच्या आत प्लास्टिकचे वेष्टन दिले जाते आणि त्याचे वेगळे पैसे घेतले जात नाहीत.

या पानावरील सर्व मालावर ५ टक्के जीएसटी आहे. महाराष्ट्रातील बिलात तो केंद्र आणि राज्य असा अडीच-अडीच टक्क्यांत विभागून दिसतो, तर कर्नाटक, तेलंगण आणि इतर राज्यांतील बिलात आयजीएसटी लागतो. परराज्यात जाणारा माल ₹५०,००० हून अधिक आणि महाराष्ट्रात जाणारा माल ₹१ लाखाहून अधिक किमतीचा असल्यास ई-वे बिल आम्ही काढतो. त्यासाठी खात्यातील ट्रान्सपोर्टचे नाव आणि क्रमांक अचूक असावा. कंपोझिशन योजनेतील दुकानदारांना भरलेल्या कराची वजावट मिळत नाही, म्हणून त्यांनी कर धरून पडणारा भाव पाहूनच विक्रीचा हिशेब करावा.

पहिल्या दोन मागण्यांचे पैसे आगाऊ घेतले जातात. त्यानंतर लेखी करारावर ३० दिवसांची उधारी मिळते. आमची उद्यम नोंदणी लघुउद्योग म्हणून झालेली आहे. अशा उत्पादकाचे पैसे कराराप्रमाणे, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत, चुकते न केल्यास आयकर कायद्याप्रमाणे तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षातच वजावटीस धरला जातो. मार्चअखेरीस ही बाब आपल्या करसल्लागारास जरूर दाखवावी. थकबाकी असलेल्या खात्यावर नवी यादी भरता येते, पण रवानगी थांबते.

नमुने, खूण आणि तक्रारी

नव्या दुकानदारांना एकदाच, पहिल्या टप्प्याच्या दराने, कोणतेही पाच नग नमुन्यादाखल मिळतात आणि त्यांना किमान मागणीची अट नाही. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. इतरत्र विणलेला माल सोलापुरी म्हणून विकला जातो, त्यामुळे प्रत्येक नगावरील लेबल दुकानात काढून टाकू नये. त्यावर माप, छापील किंमत, विणल्याचा महिना आणि आमचा पत्ता असतो, आणि पारखून घेणाऱ्या गिऱ्हाइकाला तेच दाखवता येते.

गाठ ट्रान्सपोर्टच्या गोदामातच पाहून घ्यावी. शिवण उसवलेली किंवा गाठ भिजलेली असल्यास पावतीवर तसा शेरा लिहून घ्यावा, कारण शेऱ्याशिवाय ट्रान्सपोर्टकडून भरपाई मागता येत नाही. दुकानात गाठ सोडल्यावर नग कमी भरले, ताण्याचे धागे तुटलेले दिसले किंवा वेगळेच डिझाइन निघाले, तर माल पोहोचल्यापासून सात दिवसांत खात्यातील त्या बिलासमोर छायाचित्रासह तक्रार नोंदवावी. दोष आमचा असल्यास तो नग पुढील गाठीबरोबर बदलून दिला जातो किंवा त्याची रक्कम खात्यात जमा होते, आणि परतीचे भाडे आम्ही देतो. वजनात ५ टक्क्यांपर्यंतचा फरक आणि ‘नवा लॉट’ म्हणून दाखवलेल्या छटेतील फरक दोषात धरला जात नाही. यादी भरताना अडचण आल्यास सोमवार ते शनिवार सकाळी १० ते सायंकाळी ६ या वेळेत पानाच्या वरच्या ‘फोन करा’ या बटणावरून मराठी, तेलुगू किंवा कन्नड भाषेत बोलता येते, आणि फोनवर सांगितलेली यादीही आपण मंजूर केल्यानंतरच पक्की होते.